बॉयलरखात्याचे कपडे

आईला दम लागतोय हे सगळ्यात आधी आबांच्या लक्षात आलं. आबा म्हणजे माझे वडील. भाकरी थापता थापता ती मध्येच थांबायची, परातीच्या कडेवर हात टेकायची आणि मग पुन्हा थापायला लागायची. आबा समोर बसून जेवायचे, त्यामुळे तव्यावरची भाकरी करपायला लागली की त्यांना वास यायचा. तिची भाकरी त्याआधी कधी करपली नव्हती. त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, "तुज्या आईला एकदा दाखवून आण. ती माजं ऐकत न्हाई."

माझं घर त्यांच्यापासून फार लांब नाही. सोलापुरातच, रिक्षाने थोड्या वेळाचा रस्ता. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम बघते. संध्याकाळी सुटले की तशीच त्यांच्याकडे गेले. आई म्हणाली, वय झालं, आता काय पळायचंय मला. पण बोलताना वाक्य संपायच्या आधीच तिचा श्वास संपत होता.

एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला पाणी दिसलं. फुफ्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये पाणी साठतं, ते. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी सुईने ते काढलं. पिवळसर, किंचित लालसर होतं. तपासणीचा रिपोर्ट बघून ते म्हणाले, बहुतेक टीबीचं पाणी आहे, गोळ्या सुरू करू. यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की दहातल्या बहुतेकांना टीबीच असतो. आईने गोळ्या नेमाने घेतल्या. लघवी लाल व्हायची, तोंडाची चव गेली, तरी एक दिवस चुकवला नाही. आम्हाला तर हायसंच वाटलं होतं. टीबी बरा होतो हे आता सगळ्यांना माहीत आहे.

पण पाणी परत भरलं. काढलं की काही आठवड्यांत पुन्हा भरायचं. उजव्या कुशीत एक बोथट दुखणं सुरू झालं, ते रात्री झोपू देत नव्हतं. वजन उतरलं. चोळ्या सैल पडल्या, तिने त्या बसून स्वतःच आत घेतल्या. मग त्याच डॉक्टरांनी सांगितलं की छातीच्या तज्ज्ञाकडे जा, गोळ्यांनी फरक पडायला हवा होता.

छातीच्या डॉक्टर म्हणजे एक बाई होत्या, माझ्याहून लहान. पुण्यात शिकून इकडे आलेल्या. त्यांनी आधीचे सगळे एक्स-रे प्रकाशावर धरून पाहिले आणि मग आईशी बोलायला लागल्या. घाई नव्हती त्यांना. मिश्री लावता का, चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केला, गिरणीत किंवा विडीच्या कारखान्यात कधी काम केलंत का. आई म्हणाली, मी घरातच. लग्न होऊन मंगळवेढ्याकडच्या खेड्यातनं इथं आले, तेव्हापासून घरातच.

"आणि हे?" डॉक्टरांनी आबांकडे पाहिलं.

आबांनी सांगितलं की ते गिरणीत होते. डॉक्टर म्हणाल्या, म्हणजे मागावर? आबा म्हणाले, न्हाई, बॉयलरखात्यात. तिथे काय करायचात, असं त्यांनी विचारलं. आबांना बरं वाटलं असावं, कारण गिरणी बंद पडल्यापासून त्यांच्या कामाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की वाफेचे पाइप गरम असतात, ती उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून पाइपांवर पांढरी दोरी गुंडाळायची, वरून पावडरीचा लगदा कालवून हाताने थापायचा. वाळला की घट्ट बसतो. काही वर्षांनी तडे जातात, मग जुना लेप हातोडीने फोडून काढायचा आणि नवा घालायचा. फोडताना लई धूळ उडायची, समोरचा माणूस दिसायचा नाही.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ती दोरी ॲस्बेस्टॉसची होती का, आबा?"

"व्हय. आमी नुसती दोरी म्हणायचो. पोत्यावर तसं लिवलेलं असायचं."

"आणि तुमचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

या प्रश्नाचं आईला हसू आलं. "मीच की," ती म्हणाली. "दुसरं कोण धुणार?"

मला त्या खोलीत बसल्या बसल्या आमचं जुनं घर दिसलं. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हाचं. आबा पहिल्या पाळीहून यायचे ते दारातच उभे राहायचे, कारण आईने तशी ताकीद दिली होती की ही घाण आत आणू नका. खाकी सदरा, खाकी चड्डी, डोक्याला बांधलेला पंचा, सगळ्यावर पीठ सांडल्यासारखं पांढरं. आई ते कपडे घेऊन मोरीपाशी जायची आणि ओले करायच्या आधी भिंतीवर आपटून झटकायची. ओले केले की ती धूळ कापडाला चिकटून बसते, मग साबणालाही हटत नाही, असं ती म्हणायची. उन्हात ती धूळ चमकत खाली यायची. आईच्या केसांवर बसायची, भुवयांवर बसायची. धुऊन झाल्यावर तिचे हात खाजायचे आणि ती ते तेल लावून चोळायची. कधी कधी आबा त्या दोरीचा तुकडा घरी आणायचे. आम्हा भावंडांसमोर तो चुलीत टाकायचे आणि चिमट्याने बाहेर काढायचे. दोरी होती तशीच पांढरी. आम्हाला ती जादू वाटायची. आबा म्हणायचे, हिला आग खात न्हाई, पाणी खात न्हाई.

गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर आबांनी रखवालदारी केली, हमाली केली, ते कपडे कुठे गेले हे कोणालाच माहीत नाही. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली की माझी मुलगी आता कॉलेज संपवत आली आहे.

डॉक्टरांनी त्या दिवशी कोणत्याच आजाराचं नाव घेतलं नाही. सीटी स्कॅन करू म्हणाल्या. स्कॅन झाल्यावर मला एकटीला आत बोलावलं आणि पडद्यावर दाखवलं. फुफ्फुसाला बाहेरून एक पातळ आवरण असतं आणि तेच आवरण वळून बरगड्यांना आतून अस्तरासारखं असतं. निरोगी माणसात ते इतकं पातळ असतं की स्कॅनमध्ये दिसत नाही. आईच्या उजव्या बाजूला ते जाड, उंचसखल झालं होतं. संत्र्याची साल असावी तसं ते सगळीकडून फुफ्फुसाला वेढून बसलं होतं, आणि आतलं फुफ्फुस आक्रसलं होतं. डाव्या बाजूला पातळ पांढऱ्या रेघा होत्या. त्या म्हणाल्या, हे चुन्यासारखे चट्टे आहेत, ॲस्बेस्टॉस छातीत गेलेल्या माणसांत दिसतात. चट्टे म्हणजे कॅन्सर नव्हे. पण उजवीकडचं जे आहे, त्याची मला काळजी वाटते.

मी विचारलं, पाण्याची तपासणी केलीय ना, त्यात कॅन्सर दिसला नाही. त्या म्हणाल्या, पाण्यात सुट्या पेशी तरंगत येतात. या आवरणाच्या पेशी टीबीमध्ये, न्यूमोनियात, नुसत्या सुजेतही वाढतात आणि वेड्यावाकड्या दिसतात. सुट्या पेशी बघून त्या चिडलेल्या आहेत की बिघडलेल्या आहेत हे बऱ्याचदा सांगता येत नाही. त्यासाठी आवरणाचा तुकडाच काढायला हवा, तोही बघून, नेमक्या जागेवरून आणि पुरेसा खोल.

आईला मी सांगितलं की दुर्बीण घालून आतून बघणार आहेत. ती म्हणाली, बघू दे की, मलाबी कळंल तितं काय बसलंय ते.

ती तपासणी पूर्ण भूल देऊन नव्हती. आईला गुंगीचं औषध दिलं, बरगड्यांमधली जागा बधिर केली आणि तिथे छोटं छिद्र पाडून कॅमेऱ्याची नळी आत घातली. आधी सगळं पाणी काढलं, मग आतून पाहिलं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला फोटो दाखवले. गुलाबी, चकचकीत असायला हवं ते अस्तर जागोजागी पांढुरकं होतं आणि त्यावर बारीक गाठींचे झुबके होते, द्राक्षांचे असतात तसे. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणचे बरेच तुकडे घेतले होते. आवरणाखालची चरबीही थोडी यावी म्हणून खोलवर घेतले, असं म्हणाल्या. का ते मला नंतर कळलं.

आईच्या कुशीतून एक नळी बाहेर येऊन खाली पाण्याच्या बाटलीत सोडलेली होती. आई श्वास सोडायची तसे बाटलीत बुडबुडे यायचे. आबा स्टुलावर बसून त्या बुडबुड्यांकडे बघत होते.

तुकड्यांची बाटली लॅबमध्ये न्यायची होती. आपल्याकडे ते काम नातेवाइकांकडेच असतं. झाकण घट्ट लावलेली छोटी बाटली, आत फॉर्मॅलिन आणि तळाशी तांदळाच्या दाण्यांएवढे, फिकट तुकडे. मी रिक्षात बसले आणि बाटली दोन्ही हातांत धरली. रस्त्यात खड्डा आला की मी ती छातीशी धरायची. आईच्या शरीराचा भाग मी हातात घेऊन चाललेय, आणि तो इतका लहान आहे, एवढंच मनात येत होतं.

लॅबमधले पॅथॉलॉजिस्ट वयस्कर होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि मला बसायला सांगितलं. त्यांना छातीच्या डॉक्टरांचा फोन आलेला असावा. वडिलांच्या कामाबद्दल त्यांनीही विचारलं. मी सांगितलं आणि न राहवून म्हटलं, साहेब, तुम्हाला यात ती धूळ दिसेल का? ते म्हणाले, तशी अपेक्षा ठेवू नका. ते तंतू इतके बारीक असतात की आवरणाच्या तुकड्यात ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सहसा सापडत नाहीत. धूळ कुठून आली हे तुमच्या घरच्या माहितीवरून कळतं. आजार कोणता आहे, हे मात्र या तुकड्यावरून कळेल. दोन्ही गोष्टी जोडायच्या असतात.

मग त्यांनी ती चरबीची गोष्ट सांगितली. सुजेने वाढलेल्या पेशी वरच्या वर राहतात. कॅन्सरच्या पेशी आवरण ओलांडून खालच्या चरबीत शिरतात. तशा शिरलेल्या दिसल्या तर शंका राहत नाही. पण मग दुसरा प्रश्न असतो, हा आवरणाचाच कॅन्सर आहे की फुफ्फुसातून किंवा आणखी कुठून येऊन इथे पसरलेला? दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसू शकतात. त्यासाठी तुकड्याचे पातळ काप वेगवेगळ्या मार्करनी रंगवायचे. काही मार्कर आवरणाच्या पेशींना धरतात, काही फुफ्फुसाच्या कॅन्सरला धरतात. एकावर विसंबायचं नाही, दोन्हीकडचे लावून बघायचे. "त्याला वेळ लागेल," ते म्हणाले. "काप पुण्याला पाठवावे लागतील. तुम्ही रोज फोन करू नका, मी स्वतः करीन."

मी रोज फोन केला नाही. पण त्या दिवसांत कारखान्यात टॉवेलच्या घड्या मोजताना माझी मोजणी सारखी चुकायची. मशीनवरून कापसाचा तूस उडायचा आणि मी पदर नाकाला लावायची. बरोबरच्या बाया म्हणायच्या, आज काय झालं हिला. मी त्यांना आईला टीबी आहे एवढंच सांगून ठेवलं होतं. त्यातली एक म्हणाली की तिच्या सासूलाही गिरणीच्या कापसाने दमा झाला होता. सोलापुरात धूळ म्हटलं की कापूसच आठवतो. ती दुसरी पांढरी धूळ कोणाच्या मनातही येत नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. आईला घरी ठेवावं असं मला वाटत होतं, पण ती म्हणाली, माजा रिपोट हाय, मी न येता कसा ऐकायचा.

डॉक्टरांनी खुर्ची आईच्या जवळ ओढली. त्यांनी सांगितलं की फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर आहे, त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. पेशी चरबीत शिरलेल्या आहेत. आवरणाचे मार्कर रंगले, फुफ्फुसाच्या कॅन्सरचे रंगले नाहीत. टीबी तुकड्यात कुठेच नाही. हा पूर्ण बरा होणारा आजार नाही. केमोथेरपीने काही काळ आवरता येतो, दम कमी करता येतो, दुखणं कमी करता येतं.

आईने विचारलं, "किती दिवस?"

"नक्की मला सांगता येणार नाही, आई. महिन्यांचा हिशोब आहे. जास्तही जगलेले आहेत लोक."

आईने मान हलवली. मग आबा बोलले. ते मान खाली घालून बसले होते, तसेच. "बाई, हे माज्या कपड्यातनं गेलं व्हय हिच्यात?"

डॉक्टर माझ्याकडे बघतील असं मला वाटलं, पण त्यांनी आबांकडेच पाहिलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, बहुतेक तिथूनच. दुसरीकडून जायचं कारण मला तरी दिसत नाही. ते तंतू श्वासातून आत जातात, काही खोलवर आवरणापर्यंत पोचतात आणि तिथून निघत नाहीत. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. तिथे वर्षानुवर्षं बारीक सूज राहते, पेशी बिघडत जातात, आणि तीस, चाळीस वर्षांनी कधीतरी आजार वर येतो. मधल्या काळात काहीही होत नाही. ना खोकला, ना ताप. म्हणून कोणाला संशय येत नाही.

"पण मी तर रोज त्यात बुडालेलो असायचो," आबा म्हणाले. "मग मला का न्हाई?"

"ते कोणालाच सांगता येत नाही, आबा. त्या धुळीत काम केलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. थोडी धूळ गेलेल्या एखाद्याला होतो. तुम्ही घरी ती धूळ आणताय हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

आबांनी नाही म्हणून मान हलवली. गिरणीत त्यांना गरम पाइपाची, वाफेची, घसरून पडण्याची ताकीद दिली जायची. दोरीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. काम सुटल्यावर अंघोळ करायला जागा नव्हती, कपडे तिथेच ठेवायची सोय नव्हती. सगळे तसेच घरी जायचे.

डॉक्टरांनी आबांचाही एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंना चट्टे होते, मग स्कॅनही केला. कॅन्सर नव्हता. मी आनंदाने सांगायला गेले, तर आबांनी ऐकून घेतलं आणि उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. स्वतःला काही निघालं असतं तर त्यांना ते सोसलं असतं, हे मला त्यांच्या पाठीकडे बघून कळलं.

घरी आल्यावर ते जेवेनासे झाले. आईशी बोलेनासे झाले. तिच्या समोर आले की काहीतरी काम काढून उठायचे. आईने दोन-चार दिवस बघितलं. मग एका दुपारी मी तिथे असतानाच तिने त्यांना हाक मारली आणि पलंगावर शेजारी बसायला सांगितलं.

"अहो, मला मरायला येळ हाय अजून," ती म्हणाली. "तवर तुमी असं गप बसलात तर मी कुणाशी बोलायचं?"

आबा म्हणाले, मी तुला मारलं.

आई चिडली. तिला असं चिडलेलं मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. मध्ये मध्ये थांबत, श्वास घेत ती बोलली. "तुमी जाणून आणलं का ते? मला म्हाईत असतं तर मी झटकलं असतं का? दोगंबी अडाणी व्हतो आपण. ज्यांना म्हाईत व्हतं त्यांनी सांगितलं न्हाई, त्यात तुमी काय केलं? गिरनी बंद पडली तवा मी मोरीत बसून रडले व्हते, आता ते कपडे धुवायला येणार न्हाईत म्हणून. तवा मला ते कपडे लई चांगले वाटायचे." मग ती दमली आणि आडवी झाली. आबांनी तिच्या पाठीखाली उशी सरकवली आणि त्या दिवशी दोघं एका ताटात जेवली.

राग तिला आलाच नाही असं मी म्हणणार नाही. केमोच्या दिवसांत उलट्या व्हायच्या, तेव्हा एकदा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली की मी कुणाचं काय वाईट केलं होतं. एकदा मला म्हणाली, तुझ्या आबांना सांगू नको, पण मला त्या भिंतीची आठवण आली की अंगावर काटा येतो, मी काय काय खाल्लं असेल तिथं. हे ती फक्त मला म्हणाली. दोन्ही गोष्टी तिच्यात एकाच वेळी होत्या, माफी आणि हा काटा.

पाणी भरतच होतं. साधारणपणे पावडर सोडून फुफ्फुस आणि बरगड्यांमधली पोकळी चिकटवून टाकतात, पण आईचं फुफ्फुस त्या जाड सालीत अडकून पडलं होतं, फुलतच नव्हतं, त्यामुळे चिकटणार नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी कुशीत एक मऊ नळी कायमची बसवून दिली. तिला झडप होती. घरीच पिशवी जोडून पाणी काढायचं. नर्सने मला आणि आबांना दोघांनाही शिकवलं. मी क्रम विसरायची. आबा नाही. साबणाने हात धुवायचे, स्पिरिट लावायचं, झडप जोडायची, पाणी हळूहळू येऊ द्यायचं, आईला खोकला आला की थांबायचं. आईला मोकळा श्वास आला की दोघांचेही चेहरे सैल व्हायचे. मग आबा नळीवर पट्टी लावायचे आणि विचारायचे, बरं वाटलं का. ती म्हणायची, व्हय, वाटलं.

तिचे कपडेही आबाच धुवायला लागले. बाहेरच्या नळावर बसून लुगडी धुवायचे. आईला लाज वाटायची, शेजारणी बघतात म्हणून. मी धुते म्हटलं तर आबा देत नसत.

दोन-तीन केमोनंतर तिला जरा उभारी आली. भूक लागायला लागली. थंडीचे दिवस होते आणि तिला माहेरच्या शेतातला हुरडा खायचा होता. डॉक्टरांनी परवानगी दिली. मामाच्या शेतात, मंगळवेढ्याजवळ, काळ्या रानात ज्वारी छातीएवढी उभी होती. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली. आबांनी तिला धुराच्या उलट बाजूला बसवलं आणि हातावर कणीस चोळून दाणे फुंकायला लागले. मग काय मनात आलं कोण जाणे, फुंकायचे थांबले. लांब जाऊन, पाठ फिरवून त्यांनी कोंडा फुंकला आणि स्वच्छ दाणे आणून तिच्या ओंजळीत घातले. आईने ते पाहिलं. तिने सगळे दाणे चावून चावून खाल्ले. संध्याकाळी परत येताना गाडीत ती झोपली होती आणि तिचा श्वास बऱ्यापैकी शांत होता.

पुढे उन्हाळ्यात औषधाचा गुण संपला. जिथे कॅमेरा घालायला छिद्र पाडलं होतं तिथे कातडीखाली एक गाठ आली. डॉक्टर म्हणाल्या, या आजारात असं होतं, त्या वाटेने पेशी बाहेर येतात. दुखणं वाढलं, मॉर्फिन सुरू झालं. केमो थांबवायचा निर्णय आईनेच घेतला. शेवटचे दिवस ती घरीच होती. ऑक्सिजनचं मशीन उशाशी घरघरत असायचं. एका सकाळी आबा चहा घेऊन तिच्याजवळ गेले. ती जागी होती. तिने चहाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि हाताने खूण केली की तुम्ही घ्या. आबांनी बशीतला चहा संपवला तोवर ती गेली होती. आबा म्हणतात, मी पीत होतो आणि ती बघत होती, मला वाटलं अजून बघतीयच.

कोणी तरी सांगितलं म्हणून माझ्या नवऱ्याने एका वकिलाकडे चौकशी केली. कामगाराला हा आजार झाला तर कायद्यात भरपाईची तरतूद आहे, असं ते म्हणाले. गिरणी केव्हाच मोडीत निघाली आहे, आणि आई कामगार नव्हती. ती कपडे धुवायची, पण ते आपल्या घरातले. आम्ही तो विषय तिथेच सोडला.

मीही डॉक्टरांना विचारलं होतं. त्या घरात मीही वाढले, ती चमकणारी धूळ मीही पाहिली आहे. त्या म्हणाल्या, धोका कमी आहे, पण शून्य नाही. आधीच शोधून काढणारी खात्रीची तपासणी आज नाही. दम लागला, कूस दुखली तर थांबू नका, आणि कोणत्याही डॉक्टरला ही हकिकत सगळ्यात आधी सांगा. घरावरच्या सिमेंटच्या पत्र्यांबद्दलही मी विचारलं. त्यात तेच तंतू असतात, पण सिमेंटमध्ये बांधलेले. फोडू नका, कापू नका, भोकं पाडू नका, जुने काढायचे तर ओले करून काढा. आता मला सर्दीचा खोकला झाला तरी मुलगी दारात येऊन उभी राहते. मी तिला हसून घालवते. ती गेल्यावर एकदा खोल श्वास घेऊन बघते.

आबा काही महिने घरातून बाहेर पडले नाहीत. मग एका रविवारी मला म्हणाले, मला जरा एका ठिकाणी सोड. बॉयलरखात्यात त्यांच्या बरोबर असलेले एक जण अजून गिरणीच्या जुन्या चाळीत राहतात. मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. त्या काकांनी आईचं विचारलं, काय झालं होतं वहिनींना. आबांना त्या आजाराचं नाव नीट घेता येत नाही. त्यांनी सगळं सांगितलं, दोरीचं, धुळीचं, तीस-चाळीस वर्षांचं. काका ऐकत राहिले आणि म्हणाले, मला तर काहीच होत नाही, मी रोज तळ्यापर्यंत चालून येतो.

तेवढ्यात त्यांची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची. तांब्या टेकवून ती परत आत निघाली होती. आबांनी तिला थांबवलं.

"वहिनी, जरा बसा," ते म्हणाले. "मला सांगा, तुमाला चालताना दम लागतो का? कुशीत दुखतं का कधी?"

ती गोंधळली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग पदराने हात पुसत आबांच्या समोर खाली बसली. मला का विचारताय, गिरणीत तर हे होते, असं ती म्हणाली.

"तुमालाच विचारतोय," आबा म्हणाले, आणि ती आठवून आठवून सांगेपर्यंत वाट बघत बसले.